दोनदा पैसे गेले, पण कर कोणत्या वर्षाच्या खात्यात जमा झाला?

*वाचकाचे पत्र*

मी निवृत्त शिक्षिका, वय ६७. पेन्शन आणि मुदत ठेवींचे व्याज एवढेच उत्पन्न. आर्थिक वर्ष २०२४-२५ साठी विवरणपत्र भरताना १८,४६० रुपये कर निघाला. १२ सप्टेंबर २०२५ ला रात्री आयकराच्या पोर्टलवरून नेट बँकिंगने तो भरला. बँकेतून पैसे कापल्याचा मेसेज आला, पण पान पांढरे पडले आणि पावती काही मिळाली नाही. पैसे बुडाले या भीतीने दुसऱ्या दिवशी मुलाने घाईघाईत पुन्हा १८,४६० रुपये भरले. या वेळी पावती मिळाली. तिचे नंबर टाकून त्याच दिवशी विवरणपत्र भरले. पावतीवर Advance Tax (100) आणि Assessment Year 2026-27 असे आहे, ते बरोबरच असेल ना? आता ऑक्टोबर सुरू झाला. बँक म्हणते, पैसे आमच्याकडून गेले, आमच्या हातात काही नाही. पहिले हरवलेले पैसे परत कसे मिळवू?
— एक वाचक, नाशिक

*उत्तर*

तुम्ही पहिले पैसे हरवले आणि दुसरे पोहोचले असे धरून चालला आहात. तुम्ही दिलेल्या तपशिलावरून मला नेमके उलटे वाटते. पहिले पैसे बहुधा योग्य वर्षाच्या खात्यात शांतपणे बसलेले आहेत. अडचण आहे ती पावती हातात असलेल्या दुसऱ्या भरण्याची. म्हणून बँकेशी भांडण्याआधी पोर्टलवर जाऊन दोन्ही चलनांचा शोध घ्या. पुढचे सगळे त्यावर ठरेल.

आधी पान पांढरे का पडले ते सांगते, म्हणजे धास्ती कमी होईल. तुम्ही पोर्टलवर रक्कम भरून बँक निवडता तेव्हा त्या चलनाला एक क्रमांक मिळतो. त्याला सीआरएन म्हणतात. तिथून तुम्हाला बँकेच्या पानावर नेले जाते, बँक पैसे कापते आणि मग तुमचा ब्राउझर पुन्हा पोर्टलवर आणून सोडते. हा परतीचा प्रवास मध्येच तुटला, म्हणजे इंटरनेट गेले, सत्राची वेळ संपली किंवा शेवटच्या तारखांच्या गर्दीत पोर्टल धीमे झाले, तर तुमच्या डोळ्यांसमोर पांढरे पान येते. पैसे मात्र त्याआधीच कापलेले असतात, आणि त्या व्यवहाराची खबर बँक पोर्टलला वेगळ्या वाटेने देत असते. त्यामुळे पावती दिसली नाही याचा अर्थ एवढाच की पावती दिसली नाही. भरणा झाला नाही असे त्यावरून ठरत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. बँकेचा पैसे कापल्याचा मेसेज हा कर भरल्याचा पुरावा नव्हे. भरणा नक्की झाला की चलनाला दुसरा एक क्रमांक मिळतो, तो सीआयएन. सीआरएन म्हणजे तुम्ही भरायला निघालात, सीआयएन म्हणजे पैसे सरकारच्या नावे घेतले गेले. पावतीवर सीआयएनसोबत बँकेच्या शाखेचा सात अंकी बीएसआर कोड, पाच अंकी चलन क्रमांक आणि जमा झाल्याची तारीख असते. विवरणपत्रात लागतात ते हेच तीन तपशील.

आता शोध. incometax.gov.in वर तुमच्या पॅनने लॉगिन करा. वरच्या e-File मेनूत e-Pay Tax उघडा. तिथे Saved Drafts, Generated Challans आणि Payment History असे टॅब दिसतील. सरळ Payment History मध्ये जा आणि १२ आणि १३ सप्टेंबरच्या नोंदी शोधा. तिथे दिसणाऱ्या प्रत्येक चलनाला सीआयएन मिळालेला असतो आणि त्याच ओळीतून पावती उतरवून घेता येते. त्या रात्री न दिसलेली पावती आजही तिथे मिळते, आणि ती तितकीच अस्सल असते. पहिल्या चलनाची नोंद सापडली तर पावती उतरवा आणि तीन गोष्टी वाचा: वर्ष 2025-26 आहे का, प्रकार Self-Assessment Tax (300) आहे का, आणि रक्कम १८,४६० आहे का.

एक बारीक गोष्ट इथेच तपासा. पैसे कोणाच्या बँक खात्यातून गेले याला महत्त्व नसते, चलनावर कोणाचा पॅन आहे याला असते. लॉगिन न करता, पॅन आणि मोबाइलवरचा ओटीपी टाकूनही कर भरता येतो. घाईत तिथे पतीचा किंवा मुलाचा पॅन पडला असेल तर ती नोंद तुमच्या Payment History मध्ये कधीच दिसणार नाही, त्यांच्या लॉगिनमध्ये दिसेल. पहिले चलन तुमच्याकडे दिसलेच नाही तर घरातल्या बाकीच्या पॅनखाली एकदा पाहून घ्या.

पहिले चलन सापडले तर

मग आर्थिक वर्ष २०२४-२५ चा तुमचा कर मुदतीत आणि योग्य जागी भरलेला आहे. बँकेकडून काहीही परत मागायचे नाही. दुरुस्त करायचे आहे ते विवरणपत्र, कारण त्यात तुम्ही दुसऱ्या चलनाचे नंबर टाकलेत आणि ते चलन दुसऱ्या वर्षाचे आहे.

पावतीवरचे Assessment Year 2026-27 बरोबर नाही. उत्पन्न २०२४-२५ चे असेल तर करनिर्धारण वर्ष २०२५-२६ होते. मुलाचा गोंधळ का झाला असेल तेही समजण्यासारखे आहे. २०२५ मध्ये विवरणपत्राची मुदत आणि चालू वर्षाच्या अग्रिम कराचा दुसरा हप्ता या दोन्ही गोष्टी १५ सप्टेंबरच्या आसपास एकत्र आल्या होत्या. आधीच्या वर्षाचा उरलेला कर विवरणपत्रासोबत भरायचा असेल तर प्रकार Self-Assessment Tax (300) आणि वर्ष 2025-26. चालू वर्षाच्या उत्पन्नावर आगाऊ भरायचा असेल तर Advance Tax (100) आणि वर्ष 2026-27. मुलाने दुसरी जोडी निवडली. दोन्ही खाने एकमेकांशी जुळत असल्यामुळे पोर्टलला त्यात काही वावगे दिसले नाही आणि पैसे बिनतक्रार घेतले गेले.

तुमचे विवरणपत्र तपासले जाईल तेव्हा बंगळूरुच्या केंद्रातली यंत्रणा २०२५-२६ या वर्षाखाली त्या नंबरांचे चलन शोधेल. ते तिथे नाही. मग १८,४६० रुपयांचे श्रेय नाकारले जाईल आणि तेवढी मागणी निघेल, जरी तेवढ्याच रकमेचे पहिले चलन त्याच वर्षात पडून असले तरी. विवरणपत्रात न लिहिलेले चलन यंत्रणा आपण होऊन जोडून देईल या भरवशावर राहू नका.

म्हणून सुधारित विवरणपत्र भरा. मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत आहे, पण मागणीची नोटीस येण्याआधी उरकलेले बरे. e-File मधून Income Tax Returns, मग File Income Tax Return असे जा, वर्ष 2025-26 निवडा आणि विवरणपत्राचा प्रकार विचारला की कलम 139(5) घ्या. मूळ विवरणपत्राचा पोच क्रमांक आणि तारीख मागितली जाईल, ती तुमच्या पोचपावतीवर आहे. उत्पन्न, वजावटी, बँक खाते यांतले काहीही बदलू नका. फक्त भरलेल्या कराच्या तक्त्यात जाऊन दुसऱ्या चलनाची ओळ काढा आणि पहिल्याची घाला: बीएसआर कोड, जमा तारीख, चलन क्रमांक, रक्कम. चलन क्रमांक शून्याने सुरू होत असेल तर ती शून्येही टाका. शेवटी देय कर शून्य दिसला की विवरणपत्र पाठवा, आणि ३० दिवसांच्या आत आधार ओटीपीने पडताळणी करा. पडताळणी राहिली तर सुधारित विवरणपत्र भरलेच नाही असे धरले जाते. बरेच जण नेमके इथे अडकतात.

मागणीची नोटीस त्याआधीच आली तर घाबरून तिसऱ्यांदा पैसे भरू नका. सुधारित विवरणपत्राची मुदत असेपर्यंत तो मार्ग खुला राहतो. मुदत संपली असेल तर Services मधल्या Rectification मध्ये Tax Credit mismatch correction हा पर्याय असतो. तिथेही काम हेच, योग्य चलनाचे नंबर द्यायचे.

दुसऱ्या चलनाचे काय करायचे

मुलगा बहुधा म्हणेल, पोर्टलवर चलन दुरुस्तीची सोय आहे, तिथे बदलून टाकू. Services मध्ये Challan Correction आहे खरे. पण त्यातून वर्ष बदलायचे असेल तर पैसे जमा केल्यापासून सात दिवसांत बदलावे लागते. तुमचे ते दिवस २० सप्टेंबरच्या सुमारास संपले. कराचा प्रकार बदलायला तीस दिवस मिळतात, म्हणजे तो दरवाजा अजून काही दिवस उघडा आहे, आणि तुमच्या बाबतीत खरा धोका तोच आहे. वर्ष २०२६-२७ तसेच ठेवून नुसता प्रकार 100 चा 300 केलात तर हाती काहीच लागत नाही. चलन चुकीच्या वर्षातच राहते. शिवाय एका चलनासाठी पोर्टलवर एकदाच दुरुस्ती करता येते, ती संधीही वाया जाते. तेव्हा तिकडे जाऊच नका.

दुसरा मार्ग म्हणजे तुमच्या क्षेत्रातल्या आयकर अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून वर्ष बदलून घेणे. सात दिवसांनंतर हा अधिकार त्यांच्याकडेच असतो. अर्जासोबत चलनाची प्रत आणि काय चुकले, काय हवे आहे याचे सरळ दोन ओळींचे निवेदन लागते. पण पहिले चलन सापडले असेल तर या खटपटीची तुम्हाला गरज नाही. दुसरे १८,४६० रुपये तुमच्याच पॅनवर, पुढच्या करनिर्धारण वर्षात, अग्रिम कर म्हणून उभे आहेत. येत्या वर्षी २०२५-२६ च्या उत्पन्नाचे विवरणपत्र भराल तेव्हा हेच चलन तिथे दाखवा. कर निघाला तर त्यातून वजा होईल, जास्त असेल तर उरलेले खात्यात परत येतील. साठ वर्षांवरच्या आणि व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या निवासी व्यक्तीला अग्रिम कर भरण्याची सक्ती नसते, पण भरलेला चालतो. पैसे काही महिने अडकले हे खरे. पावती मात्र नीट जपा आणि पुढच्या विवरणपत्राच्या कागदांत आत्ताच ठेवून द्या, कारण वर्षभराने आठवण राहत नाही.

पहिले चलन सापडले नाही तर

Payment History मध्ये नोंद नाही आणि Generated Challans मध्ये ते सीआरएन नुसतेच पडलेले दिसते, किंवा मुदत संपलेले दिसते, तर पोर्टलपर्यंत भरणा पोहोचलेला नाही. एरवी चलनाची मुदत पंधरा दिवस असते, त्यामुळे आता ते बाद झालेले असेल. अशा वेळी बँकेकडून एकाच प्रश्नाचे उत्तर हवे असते: या सीआरएनचे पैसे सरकारी खात्यात दिले की माझ्या खात्यात उलटे जमा केले?

तुम्हाला मिळालेले ‘पैसे आमच्याकडून गेले’ हे उत्तर अपुरे आहे. काउंटरवर तोंडी विचारले की असेच उत्तर येते, म्हणून तक्रार लेखी द्या. तिच्यात सीआरएन, तारीख आणि वेळ, रक्कम आणि खाते उताऱ्यातला व्यवहार क्रमांक लिहा. सीआयएन द्या, नाहीतर रक्कम परत करा, असे स्पष्ट मागा. त्याआधी १२ सप्टेंबरनंतरचा संपूर्ण खाते उतारा काढा आणि जमा बाजूला १८,४६० ची नोंद शोधा. अयशस्वी भरण्याचे पैसे दोन-चार दिवसांनी आपोआप परत आलेले असतात आणि खातेदाराचे लक्ष फक्त कापलेल्या नोंदीकडे असते, हे फार वेळा घडते. तीस दिवसांत बँकेने उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. त्यासाठी फी नाही.

या परिस्थितीत २०२४-२५ चा कर मात्र भरलेला नाही असे होईल, कारण दुसरे चलन दुसऱ्या वर्षात आहे. मग दोन पर्याय राहतात. अधिकाऱ्याकडून दुसऱ्या चलनाचे वर्ष बदलून घ्यायचे, किंवा १८,४६० रुपये 300 या प्रकारात, वर्ष 2025-26 निवडून पुन्हा भरायचे आणि सुधारित विवरणपत्रात ते चलन दाखवायचे. पहिल्यात पैसे वाचतात, पण बदल कधी होईल ते तुमच्या हातात नसते आणि ३१ डिसेंबरची मुदत थांबत नाही. दुसऱ्यात काही काळ जास्तीचे पैसे अडकतात, पण काम एका दिवसात संपते. पदरी तेवढी रक्कम असेल तर मी दुसरा पर्याय सुचवीन. तुमच्यावर अग्रिम कराची सक्ती नसल्यामुळे कलम २३४बी चे व्याज लागत नाही. साठीच्या आतल्या वाचकांना मात्र, टीडीएस वजा जाता कर दहा हजार किंवा जास्त असेल आणि अग्रिम कर पुरेसा भरलेला नसेल, तर दर महिन्याला एक टक्का व्याज चढत राहते. त्यांनी अधिकाऱ्याच्या उत्तराची वाट पाहत बसू नये.

ज्यांचा भरणा आज-कालच अडकला आहे अशा वाचकांसाठी: पान पांढरे पडले तर ब्राउझरचे मागे जाण्याचे बटण दाबू नका आणि त्याच मिनिटाला पुन्हा भरू नका. थोड्या वेळाने नव्याने लॉगिन करून Payment History पाहा, नसेल तर दुसऱ्या दिवशी पाहा. बँक बदलून पुन्हा भरण्याचा विचार त्यानंतर. म्हणूनच कर मुदतीच्या शेवटच्या रात्री न भरता चार-पाच दिवस आधी भरावा, म्हणजे वाट पाहायला जागा राहते. आणि बँकेच्या पानावर जाण्याआधी पोर्टल सगळा तपशील एकदा दाखवते, तिथे वर्ष आणि प्रकार मोठ्याने वाचा.

हे वाचणे २०२६ पासून आणखी गरजेचे आहे. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होतो आणि त्यात करनिर्धारण वर्षाऐवजी ‘कर वर्ष’ आहे. करनिर्धारण वर्ष २०२६-२७ म्हणजे एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ चे उत्पन्न, तर कर वर्ष २०२६-२७ म्हणजे एप्रिल २०२६ ते मार्च २०२७ चे. आकडे तेच, वर्षे वेगळी. तुमचे दुसरे चलन यांतल्या पहिल्याचे आहे, हे पावतीवर पेनाने लिहून ठेवा.

आता पैसे खरोखर तुमच्या नावे लागले का, याची खात्री. पोर्टलवर AIS म्हणजे तुमच्या पॅनवरच्या नोंदींचे वार्षिक विवरण उघडा, आर्थिक वर्ष 2024-25 निवडा आणि Payment of Taxes हा भाग पाहा. पहिले चलन तिथे दिसायला हवे. नवे चलन तिथे उमटायला काही दिवस लागतात, पण तुमच्या चलनाला आता पुरेसा काळ झाला आहे. अनेक जण ही नोंद फॉर्म २६एएस मध्ये शोधतात आणि दिसली नाही म्हणून घाबरतात. करनिर्धारण वर्ष २०२३-२४ पासून त्या फॉर्ममध्ये टीडीएस आणि टीसीएसच दिसते, स्वतः भरलेला कर एआयएसमध्ये असतो.

सुधारित विवरणपत्र तपासून झाले की कलम १४३(१) ची सूचना ईमेलने येईल. ती पीडीएफ उघडायला तुमचा पॅन लहान अक्षरांत आणि त्याला जोडून जन्मतारीख आठ अंकांत टाकावी लागते. आत दोन स्तंभ असतात, एकात तुम्ही लिहिलेले आकडे आणि दुसऱ्यात विभागाने धरलेले. स्वयंनिर्धारण कराच्या, म्हणजे Self-Assessment Tax च्या ओळीत दोन्हीकडे १८,४६० दिसले आणि शेवटी देय रक्कम शून्य असली, की या वर्षाचा प्रश्न मिटला. दुसऱ्या स्तंभात शून्य असेल तर पहिल्या चलनाचा बीएसआर कोड, तारीख आणि क्रमांक पावतीशी अंकाअंकाने ताडून पाहा. बहुतेक वेळा एखादा अंक इकडचा तिकडे झालेला सापडतो.